‘असा परिवार आहे’ : निधनवार्तेतल्या एका ओळीमागची गोष्ट

पोस्टकार्ड भारतात १८७९ साली आलं. पुढे गावोगावी मृत्यूची बातमी त्याच उघड्या कार्डावरून पोचू लागली. वाचून झालं की ते फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. जागा चार बोटांची, म्हणून ठरलेले शब्द : ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की…’, ‘देवाज्ञा झाली’. तेच शब्द वर्तमानपत्रांच्या निधनवार्तेत उतरले. घरचे आजही कागदावर पहिल्यांदा हेच लिहून आणतात.

सोलापुरात या साच्याला पहिला पेच पडतो तो नावापाशी. पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घरांत आडनाव आधी सांगायची रीत आहे. मराठी पद्धतीनं शेवटचा शब्द आडनाव समजून शीर्षक केलं, तर मयताचं नावच आडनाव होऊन बसतं. लिंगायत घरात ‘लिंगैक्य’ म्हणतात, वारकऱ्याच्या घरी ‘वैकुंठवासी’. सरसकट ‘कैलासवासी’ लावू नये; घरच्यांना विचारावं, नाहीतर साधं ‘निधन’ लिहावं.

मात्र खरी चूक होते ती ‘पश्चात’ या शब्दानंतर. माझ्यापुढे एकदा साखर पेठेतल्या एका यंत्रमाग कामगाराचा मजकूर आला होता. वय ७८. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, दोन मुली, सुना, जावई असा परिवार आहे.’ ‘मुले’ म्हणजे मुलगे, की मुलं-मुली मिळून? म्हणून घरी फोन केला. थोरला मुलगा चार वर्षांपूर्वीच गेला होता. म्हणजे पश्चात मुलगा एकच. थोरली सून मात्र त्याच घरात राहत होती, आजारपण तिनंच काढलं होतं. मुलगा यादीतून काढताना तीही निघून जाते, असं मी अनेकदा पाहिलं आहे. तिला राखलंच पाहिजे.

तिच्या नावामागे ‘गं. भा.’ लावायचं का, असंही धाकट्यानं विचारलं. विधवा स्त्रीच्या नावामागे हे ‘गंगा भागीरथी’ लावायची चाल जुनी. हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, आणि २०२३ मध्ये हाच शब्द सरकारी वापरात आणायची सूचना पुढे आली तेव्हा राज्यभर टीका झाली. मी तो लावत नाही. परिवाराच्या ओळीत नात्यानंच काम भागतं.

शेवटची अडचण ‘काल’ आणि ‘आज’ची. सोमवारी रात्री लिहिलेला ‘आज’ मंगळवारी सकाळी वाचणाऱ्याला चुकीच्या दिवशी नेतो, म्हणून वार लिहावा. त्या मजकुरात ‘परमपूज्य’, ‘दुःखाचा डोंगर’ असं बरंच होतं. ते काढल्यावर नाव-आडनावाखाली एवढंच छापलं :

‘साखर पेठेतील यंत्रमाग कामगार (वय ७८) यांचे सोमवारी अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, दोन मुली, दोन सुना, जावई, पाच नातवंडे असा परिवार आहे. अंत्ययात्रा मंगळवारी सकाळी १० वाजता राहत्या घरापासून निघेल.’