केकच्या मिश्रणातील लोणी फाटणे

लोणी फाटणे : केकसाठी फेसलेल्या लोणी-साखरेत थंड अंडी घातल्यावर गुळगुळीत मिश्रणाची बारीक कणी होऊन तिच्याभोवती पातळ पाणी सुटणे. दिसायला हे नासलेल्या दुधासारखे असते, म्हणून 'मिश्रण फाटले' असे म्हणतात. साम्य मात्र दिसण्यापुरतेच आहे. दूध नासते तेव्हा त्यातली प्रथिने एकत्र गोळा होतात. इथे अंड्यातल्या प्रथिनांना काहीच झालेले नसते, लोण्यातली चरबी गारठून घट्ट झालेली असते. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात 'बटर' म्हटले की चहात बुडवून खायचे बेकरीतले कडक बटरही डोळ्यांपुढे येते, म्हणून या नोंदीत विकतच्या पाकिटातल्या बटरलाही लोणीच म्हटले आहे.

लोण्यात सुमारे ८० टक्के चरबी आणि साधारण १६ टक्के पाणी असते. हे पाणी अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात चरबीत अडकलेले असते. साखरेबरोबर फेसताना साखरेचे कण लोण्यात हवेचे बुडबुडे कोंडतात आणि केक हलका होतो तो मुख्यतः याच हवेमुळे. लोणी १८ ते २० अंश सेल्सिअसला असेल तर त्यातली काही चरबी घन आणि काही मऊ असते, त्यामुळे ते हवा धरते आणि वरून आलेले पाणीही सामावून घेते. अंड्यात तीन चतुर्थांश पाणी असते. त्या पाण्याचे थेंब चरबीत धरून ठेवायला बलकातले लेसिथिन मदत करते, पण चरबी पसरण्याइतकी मऊ असेल तरच. ती गारठली की तिचे कठीण कण होतात, पाण्याला जागा उरत नाही आणि कोंडलेली हवाही निसटू लागते.

पहिले अंडे घालताना सगळे ठीक असते आणि तिसऱ्या-चौथ्याला अचानक बिघडते, असा अनुभव बहुतेकांना येतो. त्याचे कारण हिशेबात सापडते. २०० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम मैदा आणि कवचाशिवाय ५० ग्रॅम भरणारी चार अंडी, असा साधा केक घेऊ. लोणी-साखर २० अंशांवर आहे आणि अंडी फ्रीजमधून काढलेली, म्हणजे ५ अंशांवर. पहिल्या अंड्याने मिश्रण जेमतेम १७ अंशांपर्यंत उतरते. चारही अंडी पडेपर्यंत ते १२-१३ अंशांवर येते, कारण अंड्यात पाणी जास्त असल्याने तेवढ्याच वजनाच्या लोण्यापेक्षा त्याला तापायला जास्त उष्णता लागते आणि ती ते मिश्रणातूनच ओढून घेते. त्यात चार अंड्यांबरोबर दीडशे ग्रॅम पाणीही येते, तर लोण्यातली चरबी सारी १६० ग्रॅम. म्हणजे अंडी कोमट असली तरी शेवटच्या अंड्याला मिश्रण काठावरच असते. थंड अंडी त्याला पलीकडे ढकलतात. घरी घुसळलेल्या लोण्यात ताकाचे पाणी राहिलेले असेल तर ही वेळ आणखी लवकर येते. असे लोणी धुऊन, दाबून पाणी काढल्याशिवाय केकला घेऊ नये.

पाककृतीत अंडी 'खोलीच्या तापमानाची' घ्या असे लिहिलेले असते. ती खोली २० ते २२ अंशांची, हे मात्र लिहिलेले नसते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी स्वयंपाकघर याहून गार असू शकते, आणि नाताळचे केक नेमके तेव्हाच होतात. त्या हवेत ओट्यावर काढून ठेवलेली अंडी तासाभरानेही गारच लागतात. दुकानात अंडी सहसा बाहेरच ट्रेमध्ये ठेवलेली असतात. त्याच दिवशी आणून फ्रीजमध्ये न टाकलेल्या अंड्यांना कोमट पाण्यात फार तर दोन-तीन मिनिटे पुरतात.

लवकर कोमट करायचे तर ४० अंशांचे पाणी लागते. हिवाळ्यात एक वाटी उकळते पाणी आणि तीन वाट्या नळाचे पाणी मिसळले की साधारण तेवढे होते. हात बुडवला तर सुखावह कोमट लागते, चटका बसत नाही. चार अंड्यांना लिटरभर पाणी घ्यावे, ती पूर्ण बुडावीत. पाच मिनिटांनी काढून पुसावीत आणि दोन मिनिटे तशीच ठेवावीत, कारण कवचालगतचा पांढरा भाग आधी तापतो आणि मधला बलक मागे राहतो. अंडे गालाला लावले तर गारही लागू नये आणि ऊबदारही नाही. पाण्यात विसरून राहिली तर ती ३० अंशांच्या पुढे जातात आणि लोणी वितळवतात. उकळत्या पाण्यात टाकणे तर अगदीच चूक: कवच तडकते, आणि ६० अंशांच्या आसपास कडेचा पांढरा भाग शिजू लागतो.

अंडी आधीच फोडली असतील तर स्टीलच्या वाटीत एकत्र फेटून वाटी कोमट पाण्यात धरावी आणि सतत ढवळावे. दोन-तीन मिनिटांत काम होते, आणि खरे तर हाच मार्ग अधिक खात्रीचा आहे: बलक आणि पांढरे एकसारखे तापते, शिवाय फेटलेले अंडे चमच्या-चमच्याने घालता येते. प्रत्येक वेळी आधीचे पूर्ण मिसळल्यावरच पुढचे घालावे. तिसऱ्या अंड्याच्या सुमारास मोजलेल्या मैद्यातलाच एक मोठा चमचा घातला की तो जादा पाणी शोषून घेतो. कोमट केलेली अंडी परत फ्रीजमध्ये ठेवू नयेत, लगेच वापरावीत.

एप्रिल-मे मध्ये गणित उलटे होते. दुपारी पारा ३५ च्या घरात असतो, गच्चीवरच्या टाकीचे पाणीही कोमटच येते आणि ओट्यावरचे लोणी तेलकट होऊन बसते. अशा मिश्रणालाही लोक 'फाटले' म्हणतात, पण ते फाटणे नव्हे. गारठ्याने फाटले तर कणी टणक असते, भांडे गार लागते आणि कडेला पाणी दिसते. उन्हाने बिघडले तर मिश्रण चकचकीत, सैल आणि ओघळणारे होते. तिथे अंडी कोमट करणे म्हणजे रोग वाढवणे. लोणी दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे आणि अंडी किंचित गारच घ्यावीत.

गारठ्याने फाटलेले मिश्रण सावरता येते. भांड्याचे बूड वीस-तीस सेकंद कोमट पाण्यात धरून फेटत राहावे. कडेचे लोणी जरा चमकू लागताच भांडे बाहेर काढावे आणि पुन्हा फेटावे, एक-दोनदा असे केल्यावर कणी विरते. नुसता मैदा घालूनही मिश्रण गुळगुळीत दिसते, पण निसटलेली हवा त्याने परत येत नाही. बेकिंग पावडर भरपूर असलेल्या केकमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. जिथे फुगणे फेसण्यावरच अवलंबून असते, त्या वर दिलेल्यासारख्या केकमध्ये तो कापल्यावर कळतो: जाळी खरबरीत, कडा तुपकट आणि तळाशी बोटभर दडस पट्टा.