ओएई पास, बेरा फेल: कानाच्या चाचण्या नेमकं काय तपासतात

बाळाची ओएई झाली, दोन्ही कान ‘पास’ आले आणि तरीही डॉक्टरांनी बेरा करून घ्यायला सांगितलं, की आईवडील गोंधळतात. कान चांगले आहेत हे एकदा कळलं, मग पुन्हा तपासायचं कशाला? शंका रास्त आहे. पण ओएईने बाळाला ऐकू येतं का, हे तपासलेलंच नसतं. ऐकण्याच्या वाटेवरचा फक्त एक टप्पा तिने पाहिलेला असतो. तो टप्पा ठणठणीत असूनही त्याच्या पुढची वाट बिघडलेली असू शकते.

ही वाट आधी पाहून घेऊ. आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर येतो. पडदा हलतो आणि त्याच्यामागची तीन चिमुकली हाडं ती हालचाल अंतःकर्णातल्या द्रवापर्यंत पोहोचवतात. तिथे वेटोळ्या कॉक्लियामध्ये केसपेशींच्या दोन जाती असतात. बाहेरच्या केसपेशी आवाजाच्या तालावर स्वतः आखूड-लांब होतात आणि बारीक आवाजाची हालचाल वाढवतात. आतल्या केसपेशी त्या हालचालीचा निरोप श्रवणचेतेच्या हाती देतात. चेता तो मेंदूच्या बुंध्याकडे नेते आणि तिथून टप्प्याटप्प्याने तो वर जातो. कानाच्या चार मुख्य चाचण्या या वाटेवर वेगवेगळ्या ठिकाणी उभ्या आहेत.

मोठ्या माणसांच्या ओळखीची चाचणी म्हणजे प्युअर टोन ऑडिओमेट्री. आवाज बंद केलेल्या खोलीत बसायचं, हेडफोन लावायचा आणि ‘टू’ असा सूर अगदी बारीक जरी आला तरी बटण दाबायचं. सुरुवात बहुधा १००० हर्ट्झच्या सुराने होते. ऐकू आला की आवाज १० डेसिबलने उतरवतात, ऐकू आला नाही की ५ डेसिबलने चढवतात. असं खालीवर करत, चढत्या फेऱ्यांपैकी निदान निम्म्या वेळा ज्या पातळीला बटण दाबलं गेलं, ती त्या सुराची मर्यादा. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या सुरांसाठी हेच करून आलेख काढतात, तो ऑडिओग्राम. त्यावरचं शून्य म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना सरासरी जेवढा बारीक आवाज ऐकू येतो, ती पातळी म्हणजे शून्य.

मग हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक बसवतात. तो कवटीच्या हाडावाटे कंपनं थेट कॉक्लियाला देतो, म्हणजे पडदा आणि तीन हाडं वगळली जातात. हाडावाटे नीट ऐकू येतं आणि हवेवाटे येत नाही, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. दोन्हीकडून सारखंच कमी येतं, तर बिघाड आतल्या कानात किंवा चेतेत आहे. त्या दोहोंपैकी नेमका कुठे, हे मात्र ऑडिओग्राम सांगत नाही. शिवाय या चाचणीला माणसाची साथ लागते. पूर्ण वाट पार करून मेंदूपर्यंत काय पोहोचलं हे तीच दाखवते, म्हणून माझ्या मते आजही ती सगळ्यांत मोलाची आहे. पण दोन-अडीच वर्षांखालच्या मुलाला बटण दाबायला सांगता येत नाही. साधारण सहा महिन्यांपासून बाळ आवाजाकडे मान वळवायला शिकतं आणि त्यावर बेतलेली चाचणी घेता येते. त्याआधी मात्र कानालाच विचारावं लागतं.

मधल्या कानाला विचारते टिम्पॅनोमेट्री. रिपोर्टवर कधी कधी तिला ‘इम्पीडन्स’ म्हटलेलं असतं. कानात रबरी टोक घट्ट बसवून हवेचा दाब कमीजास्त करतात आणि त्याच वेळी एक बारीक सूर सोडून त्यातला किती परत येतो हे मोजतात. दाब दोन्ही बाजूंना सारखा झाला की निरोगी पडदा सगळ्यांत मोकळा हलतो आणि आलेखावर शिखर येतं. पडद्यामागे पाणी असेल तर आलेख सपाट येतो. पण सपाट आलेख वाचताना शेजारी छापलेलं नळीचं आकारमान पाहायलाच हवं. ते नेहमीइतकं असेल तर पाण्याचा संशय. फारच जास्त असेल तर पडद्याला भोक असू शकतं, कारण यंत्र मधल्या कानाची पोकळीही मोजून बसतं. फार कमी असेल तर टोक मळात किंवा नळीच्या भिंतीला रुतलंय का, ते पाहून पुन्हा लावायचं. सर्दीनंतर मूल ऐकेनासं झालं, कान दडे बसल्यासारखा वाटतो, अशा वेळी ही चाचणी मिनिटाभरात कामाची गोष्ट सांगते. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी मात्र नेहमीचा २२६ हर्ट्झचा सूर चालत नाही. तान्ह्या बाळाच्या कानाच्या नळीच्या भिंती मऊ असतात आणि त्या सुराला पाणी असतानाही शिखर दिसू शकतं. तिथे १००० हर्ट्झचा सूर वापरायला हवा.

आता ओएई. कान आवाज घेतो तसा थोडासा बाहेरही टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८मध्ये दाखवलं. बाहेरच्या केसपेशींच्या हालचालीचा हा क्षीण पडसाद असतो. कानात छोटं टोक बसवून टकटक आवाज किंवा दोन सूर सोडायचे आणि तिथल्याच सूक्ष्म मायक्रोफोनने परतीचा आवाज टिपायचा. झोपलेल्या बाळाची चाचणी काही मिनिटांत उरकते, म्हणून नवजात बाळांच्या पहिल्या चाळणीसाठी ती सोयीची. पडसाद मिळाला तर बाहेरच्या केसपेशी काम करताहेत आणि मधला कान मोकळा आहे. मिळाला नाही तर लगेच घाबरू नये. जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत नळीत पांढरा चिकट लेप किंवा पडद्यामागे द्रव उरलेला असतो आणि तेवढ्यानेही पडसाद अडतो. अशा बाळाची चाचणी पुन्हा करतात. मोठ्यांमध्ये, केसपेशींना इजा करणारी काही कॅन्सरची औषधं चालू असताना लक्ष ठेवायलाही ओएई उपयोगी पडते.

पडसाद बाहेरच्या केसपेशींचा असतो, निरोप मात्र आतल्या केसपेशी देतात आणि चेता नेते. ओएईचा आंधळा कोपरा तो हाच. तिथे बेरा लागते.

बेरामध्ये बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात आणि कानात टकटक आवाज सोडतात. प्रत्येक आवाजाला चेता आणि मेंदूचा बुंधा एक चिमुकला विद्युत प्रतिसाद देतात, मायक्रोव्होल्टच्याही अंशाइतका. स्नायूंच्या आणि मेंदूच्या इतर हालचालींत तो बुडून जातो. म्हणून एक-दोन हजार आवाजांचे प्रतिसाद एकत्र करून सरासरी काढतात. भरकटलेली वीज एकमेकींना पुसून टाकते आणि दर वेळी त्याच क्षणी येणारा प्रतिसाद उरतो. पहिल्या दहा मिलिसेकंदांत लाटा दिसतात. पहिली श्रवणचेतेची, आणि पाचवी मेंदूच्या बुंध्यातल्या वरच्या भागातून येणारी. मोठ्या माणसात ती मोठ्या आवाजाला साधारण साडेपाच मिलिसेकंदांनी येते, तान्ह्या बाळात थोडी उशिरा. आवाज कमी करत गेलं तरी पाचवी लाट शेवटपर्यंत टिकते, म्हणून तिच्यावरून ऐकण्याच्या पातळीचा अंदाज बांधतात. बाळ गाढ झोपलेलं हवं. चुळबुळ करणाऱ्या बाळाची बेरा वाचण्यात अर्थ नाही.

आता उदाहरण म्हणून एक बाळ घेऊ. ३२ आठवड्यांचं असताना जन्मलं, बारा दिवस नवजात अतिदक्षता विभागात होतं आणि कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं. घरी जाताना ओएई झाली, दोन्ही कान पास. पाच दिवसांहून जास्त काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची चाळणी बेरानेच करावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. त्यामुळे पुढच्या भेटीत बेरा ठरली. आधी १००० हर्ट्झच्या सुराने टिम्पॅनोमेट्री केली, शिखर छान आलं. म्हणजे मधल्या कानात पाणी नाही. मग बेरा. ९० डेसिबलपर्यंत चढवूनही पाचवी लाट नाही.

पण कागद कोरा नव्हता. सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांत ओळीने बारीक लहरी दिसत होत्या. घाईत बघणारा त्यांना पहिली, दुसरी, तिसरी लाट समजून बसेल. इथे ऑडिओलॉजिस्टने दोन गोष्टी केल्या. पडदा आधी बाहेर ओढणारा आणि आधी आत ढकलणारा, असे दोन प्रकारचे टकटक आवाज वेगवेगळे सोडले. चेतेच्या खऱ्या लाटा दोन्ही वेळा जवळपास तशाच राहतात. इथे मात्र लहरी पूर्ण उलट्या झाल्या. मग आवाज आणणारी नळी चिमटीत दाबून बंद केली. यंत्राच्या विजेचा गोंधळ असता तर लहरी राहिल्या असत्या, पण त्या नाहीशा झाल्या. म्हणजे त्या केसपेशींच्याच होत्या. केसपेशी जाग्या आहेत, त्यांच्यापुढचा निरोप पोहोचत नाही किंवा विस्कळीत पोहोचतो. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. अकाली जन्म, ऑक्सिजनची कमतरता आणि तीव्र कावीळ ही तिची ओळखीची कारणं आहेत. काहींमध्ये ती आनुवंशिक असते.

आता एक नाजूक मुद्दा. एरवी बेराचा कागद कोरा आला तर बहिरेपण फार जास्त आहे असं मानतात. इथे तसं मानणं चूक ठरतं. शेकडो लोकांनी एका क्षणी टाळी वाजवली तर दुरूनही कडाडून ऐकू येते, पण मागेपुढे वाजवल्या तर नुसती गजबज. चेतेचे तंतू एकाच क्षणी पेटले नाहीत तर सरासरीत लाट उरत नाही, मात्र बाळाला काहीतरी ऐकू येत असू शकतं. किती, हे बेरा सांगू शकत नाही. म्हणून या बाळाला त्या कागदावरून जोरदार श्रवणयंत्र लावणं चूक, आणि ओएई पास आहे म्हणून घरी पाठवणं त्याहून मोठी चूक.

कावीळ झालेल्या काही बाळांत चेता काही महिन्यांत सावरते, म्हणून बेरा पुन्हा करतात. ओएई पुढे नाहीशी होऊ शकते, आणि तेव्हाच पहिल्यांदा तपासणाऱ्याला हा प्रकार ओळखणं अवघड जातं. म्हणून सुरुवातीचे दोन्ही कागद जपून ठेवावेत. सहा महिन्यांनंतर मान वळवण्याच्या चाचणीतून मर्यादा कळू लागतात. त्या वाढलेल्या निघाल्या तर श्रवणयंत्राचा प्रयोग करतात आणि आवाजांना मिळणारा प्रतिसाद, बडबड, पहिले शब्द यांची नोंद ठेवतात. तीन-चार वर्षांच्या वयात प्युअर टोन चाचणी होते, तेव्हा ऑडिओग्राम बरा दिसूनही शब्द कळत नाहीत, विशेषतः भोवती गलका असताना. सूर ऐकू येणं आणि शब्द उमगणं यांत या मुलांमध्ये मोठी दरी असते. म्हणून त्यांच्यासाठी शब्द ओळखण्याची चाचणी वेगळी घ्यावी लागते, आणि कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात चेतेला थेट संकेत देणारं यंत्र बसवण्याचा, निर्णय ऑडिओग्रामवर न घेता भाषेची वाढ अडते आहे का, यावरून घेतात.