दिनवार वेळापत्रक कसे वाचावे: मध्यरात्रीनंतरचे विमान आणि परताव्याची मुदत

आमच्याकडून सहल आरक्षित केल्यावर आपल्या हाती विमानाचे तिकीट, हॉटेलचे व्हाउचर, स्थानिक गाडीची पावती अशी बरीच कागदपत्रे येतात. त्यांतून आम्ही दोन पानी दिनवार वेळापत्रक तयार करून देतो. त्यातील तारखा तिकिटाशी जुळत नाहीत, अशी विचारणा ग्राहक वारंवार करतात, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

पुण्याच्या एका कुटुंबाची सिंगापूरची सहल उदाहरणादाखल घेऊ. तिकिटावर मुंबईहून सुटण्याची तारीख १५ नोव्हेंबर, रविवार आणि वेळ 00:20 छापलेली आहे. आपल्या बोलण्यात रात्र आदल्या दिवसाला जोडलेली असते, त्यामुळे ‘पंधरा तारखेला रात्री विमान’ असे मनात बसते आणि रविवारी संध्याकाळी घर सोडण्याची तयारी होते. त्या वेळी विमान जाऊन अठरा तासांहून अधिक काळ लोटलेला असतो. म्हणूनच आमच्या वेळापत्रकात पहिला दिवस १४ नोव्हेंबर, शनिवार असा असतो: दुपारी ३:३० वाजता पुण्याहून गाडी, रात्री ९:२० पर्यंत मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर हजर आणि ‘शनिवारची रात्र उलटल्यावर १२:२० ला उड्डाण’. हे वाक्य आम्ही मुद्दाम लांब लिहितो. तिकिटावरची तारीख चुकीची नसते आणि आमचीही नसते. आम्ही घरातून निघण्याचा दिवस धरतो, विमानकंपनी उड्डाणाचा क्षण धरते.

या एका गैरसमजाचे नुकसान पुढे वाढत जाते. जातानाच्या विमानाला प्रवासी हजर राहिला नाही, तर त्याच पीएनआरवरील परतीचा प्रवासही बहुतेक विमानकंपन्या आपोआप रद्द करतात. हॉटेलही पहिल्या रात्री कोणी न आल्यास बहुधा ठरलेले शुल्क कापते आणि उरलेल्या रात्रींची खोली सोडून देते. अशा वेळी विमानाचे मूळ भाडे सहसा परत मिळत नाही. तथापि ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलेल्या तिकिटावरही भारतीय विमानकंपन्यांनी वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्के परत करावीत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. म्हणून परताव्याच्या रकान्यात आम्ही मूळ भाडे आणि कर वेगवेगळे दाखवतो, आणि तिकीट वापरले गेले नाही तरी आम्हाला कळवावे अशी विनंती करतो.

सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. साडेपाच तासांचा प्रवास करून आपण तेथील सकाळी ८:२० ला उतरता, पण व्हाउचरप्रमाणे खोली दुपारी ३ नंतर मिळते. त्यामुळे त्या दिवशी ‘सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवणे’ अशी नोंद आपल्याला दिसेल. उतरल्या उतरल्या खोली हवी असल्यास आदल्या रात्रीचे भाडे भरावे लागू शकते, तेव्हा ते आरक्षणाच्या वेळीच सांगावे.

हाच वेळेचा फरक हॉटेलच्या परताव्यात अधिक महत्त्वाचा ठरतो. याच व्हाउचरवर ‘१२ नोव्हेंबर, १८:०० पर्यंत विनाशुल्क रद्द’ असे असून ही वेळ हॉटेलच्या गावाची आहे. आपल्याकडे तेव्हा दुपारचे ३:३० वाजलेले असतात. संध्याकाळी पाच वाजता आलेला फोन आपल्या समजुतीप्रमाणे वेळेत असला, तरी मुदत दीड तास आधीच संपलेली असते. म्हणून वेळापत्रकात आम्ही भारतीय वेळ लिहितो आणि तिच्याखाली ‘आम्हाला दुपारी १२ पर्यंत कळवा’ अशी ओळ देतो. ही घाई काही ग्राहकांना अनावश्यक वाटते. परंतु रद्द केल्याची लेखी पोच हॉटेलकडून हाती येईपर्यंत आम्ही काम पूर्ण झाले असे मानत नाही, आणि त्याला वेळ लागतो. आमचे सेवाशुल्क परत होत नाही, कारण आरक्षण करणे आणि ते रद्द करून रक्कम मिळवणे हे दोन्ही काम त्यात धरलेले आहे.

विमानाची वेळ बदलल्यास आम्ही नवे वेळापत्रक पाठवतो आणि त्यावर आवृत्ती क्रमांक घालतो. जुनी प्रत कृपया फाडून टाकावी; घरातील एकाकडे पहिली आणि दुसऱ्याकडे तिसरी प्रत राहिली की गोंधळ होतो. विमानतळावर आणि हॉटेलात मात्र मूळ तिकीट व व्हाउचरच दाखवावे लागते. वेळापत्रक आणि मूळ कागद यांत तफावत दिसली, तर मूळ कागद ग्राह्य धरावा आणि आम्हाला लगेच फोन करावा.

तिकिटे आपण स्वतः किंवा अन्यत्र काढली असली, तरीही असे वेळापत्रक आम्ही माफक शुल्कात करून देतो. त्यासाठी स्क्रीनचा फोटो न पाठवता पुष्टीपत्राची संपूर्ण पीडीएफ पाठवावी, कारण रद्द करण्याच्या अटी बहुधा शेवटच्या पानावर असतात आणि फोटोत नेमके तेच पान येत नाही.