नव्या फ्लॅटची स्नॅग लिस्ट: ताबा घेण्याआधी दोष आणि अपुऱ्या कामांची खोलीनिहाय नोंद

‘आपला फ्लॅट तयार आहे, ताबा घ्यावा’ असं बिल्डरचं पत्र आलं की बहुतेक घरांत आधी पंचांग उघडतं. मुहूर्त जरूर काढा, पण त्याआधी फ्लॅटमधले दोष आणि राहिलेली कामं खोलीनिहाय लिहून ती यादी बिल्डरला पोचती करायला हवी. साइटवर तिला स्नॅग लिस्ट म्हणतात. तिचा ठरावीक सरकारी नमुना नाही, कोऱ्या कागदावर लिहिलेली यादीही चालते. रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सुविधांचा दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर तो त्याने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. मात्र दोष ‘निदर्शनास आणला’ हे दाखवायची वेळ आली तर हातात कागद लागतो, आणि त्यातला पहिला कागद ही यादी.

हक्क कोणाला, मुदत किती

ज्याच्या नावावर नोंदणीकृत करारनामा आहे तो खरेदीदार ही यादी देऊ शकतो. त्याच्याकडून पुढे रीसेलमध्ये फ्लॅट घेणाराही कायद्याच्या व्याख्येत बसतो. पाच वर्षं मात्र मूळ ताब्यापासूनच मोजली जातात. भाडेकरूला हा हक्क नाही. खरेदीदार परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्रधारक पाहणी करून सही करू शकतो, पण त्या पत्रात ताबा घेण्याचा आणि दोषांबाबत पत्रव्यवहार करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असावा.

महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यानुसार भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर बिल्डरने सात दिवसांत लेखी ताबा देऊ करायचा आणि ते पत्र आल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने ताबा घ्यायचा. पाहणी याच पंधरवड्यात उरकावी लागते. भोगवटा प्रमाणपत्रच नसेल तर ताबा नाकारणं रास्त आहे. भिंतीवर रंगाचे डाग आहेत म्हणून ताबा अडवून धरणं मात्र सहसा अंगावर येतं, कारण मुदत उलटली की तुम्ही राहायला गेला नाहीत तरी मेंटेनन्स लागू होतो.

कागद कोणते

भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, ताब्याचं पत्र, ओळखपत्र आणि पैसे भरल्याच्या पावत्या लागतातच. यादीसाठी खरा कामाचा कागद म्हणजे करारनाम्यामागे जोडलेलं सुविधांचं परिशिष्ट. टाइल्सचं माप, नळांची कंपनी, खिडक्यांचा प्रकार, विजेचे पॉइंट, ओट्याचा दगड हे सगळं तिथे असतं, आणि बरेच जण ते परिशिष्ट सही केल्यानंतर पुन्हा उघडतही नाहीत. त्याची आणि फ्लॅटच्या मंजूर नकाशाची झेरॉक्स घेऊनच आत शिरावं.

यादीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. काम झालंय पण बिघडलेलं आहे, तो दोष. परिशिष्टात कबूल केलेलं काम झालेलंच नाही, ते अपुरं काम. ‘किचनमध्ये वॉटर प्युरिफायरचा पॉइंट नाही’ हे अपुरं काम. त्यापुढे परिशिष्टातला कलम क्रमांक लिहिला की वाद मिटतो. परिशिष्टात तो पॉइंट नसेल तर ती तुमची अपेक्षा झाली, आणि अशा अपेक्षांनी यादी फुगवली की खरे दोषही साइट इंजिनिअर हलक्यात घेतो.

पाहणीची सुरुवात बाथरूमपासून

हॉलपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, पण पाण्याच्या चाचणीला वेळ लागतो, म्हणून आधी बाथरूम. नहाणी ट्रॅपचं तोंड चिंध्या आणि प्लॅस्टिकने घट्ट बंद करा, जमिनीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा, पातळीशी पेन्सिलची खूण करा आणि 24 ते 48 तास तसंच राहू द्या. पाणी उंबऱ्यावरून बेडरूममध्ये जाणार नाही एवढीच पातळी ठेवा. थोडं पाणी उडून जाणारच, त्यामुळे खुणेवर फार विसंबू नका. खरं उत्तर खालच्या फ्लॅटच्या छताला मिळतं. तिथे ओल, थेंब किंवा पाइपाभोवती ओलसर कडं दिसलं तर वॉटरप्रूफिंग गेलं. यासाठी बिल्डरची परवानगी आणि खालच्या फ्लॅटची किल्ली आधीच मागून ठेवा. खाली फॉल्स सीलिंग बसवलेलं असेल तर पाहणीची झडप उघडून घ्यावी लागते.

गळती निघाली की साइटवरून हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘ग्राऊट भरून देतो’. टाइल्सच्या फटी भरल्याने पाणी काही दिवस थांबतं, खालचा थर फाटलेला तसाच राहतो. म्हणून यादीत उपायही लिहावा: टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करणं आणि नव्या टाइल्स बसवण्याआधी पुन्हा पाणी साठवून दाखवणं.

पाणी सोडल्यावर लगेच उतार बघा. एक बादली ओतली की पाणी ट्रॅपकडे धावलं पाहिजे. ते दाराशी किंवा कमोडच्या मागे थबकत असेल तर तो दोष आहे, आणि सामान आत आल्यावर तो दुरुस्त करून घेणं फार जड जातं. बंद फ्लॅटमध्ये ट्रॅपमधलं पाणी सुकून वास येतो, तो दोष नव्हे. पाणी टाकल्यावरही वास राहिला तर लिहा.

बाकीच्या खोल्या

हॉल आणि बेडरूममध्ये लाद्यांवर नाण्याने किंवा काठीच्या टोकाने ठोकत जावं. भरीव लादीचा आवाज बद्द येतो. खाली मसाला नीट न भरलेली लादी पोकळ वाजते. अशी लादी पुढे कपाटाच्या पायाखाली तडकते. वाजलेल्या प्रत्येक लादीवर चिकटपट्टी लावून फोटो घ्या. भिंतीचा गिलावा वर-खाली आहे का हे बघायला टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका मारा, उंचवटे सावलीत उघडे पडतात. दिवसा पडदे नसलेल्या खोलीत हे कळत नाही, त्यामुळे एक फेरी संध्याकाळी मारावी.

भिंतींच्या भेगांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण लोक एक तर फार घाबरतात किंवा फार दुर्लक्ष करतात. कॉलम किंवा बीम आणि ब्लॉकची भिंत जिथे भेटतात, तिथे सरळ रेषेत बारीक भेग जाणं नेहमीचं आहे. काँक्रीट आणि ब्लॉक वेगवेगळे आकुंचन पावतात, म्हणून गिलाव्याआधी त्या सांध्यावर जाळी मारायची असते. ती राहिली किंवा अपुरी पडली की भेग येते. वरून पुट्टी फिरवली तर काही महिन्यांत पुन्हा उघडते. सांधा खोदून, जाळी लावून गिलावा करायला सांगा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेगही नोंदवावी. चिंता करायची ती प्रत्यक्ष कॉलम-बीमवरच्या भेगेची, विशेषतः आतल्या सळईच्या दिशेने जाणाऱ्या आणि गंजाचा डाग दिसणाऱ्या. तिथे रंगाऱ्याचा संबंध नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत मागावं. कुठल्याही भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. भेग रेघेपुढे गेली तर ती वाढतेय हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत बाटलीभर पाणी ओता. ते छिद्रांतून बाहेर गेलं पाहिजे. आत उतरलं तर पहिल्याच पावसात भिंत फुगेल. विजेच्या बोर्डावर, वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबी स्विचचं टेस्ट बटण दाबलं की तो पडायला हवा, नाही पडला तर ही नोंद यादीत सगळ्यात वर. प्रत्येक सॉकेटमध्ये थ्री-पिन टेस्टर लावून अर्थिंग तपासा. किचनमध्ये सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खालचा सांधा हाताने चाचपा. दारं अर्धवट उघडी सोडून बघा; आपोआप फिरत असतील तर चौकट ओळंब्यात नाही.

नोंद कशी लिहायची

समजा सहाव्या मजल्यावरचा टू बीएचके आहे. ‘बाथरूमचं काम खराब’ अशी नोंद कोणीही दोन मिनिटांत ‘झालं’ म्हणून खोडतो. तीच अशी लिहा:

> बा-1/3. मास्टर बेडरूमचं बाथरूम, शॉवरखालची जमीन. उतार उलटा, पाणी दाराकडे जाऊन साचतं. दोष. उपाय: शॉवरखालच्या टाइल्स काढून उतार दुरुस्त करणे, वॉटरप्रूफिंग पुन्हा, पाणी साठवून चाचणी. फोटो 7 आणि 8.

> हॉ/5. हॉल, बाल्कनीच्या दाराच्या डावीकडची भिंत. कॉलमच्या सांध्यावर छतापासून सुमारे 90 सेंटिमीटर उभी भेग, टोकांना तारीख. दोष. फोटो 15.

> कि/2. किचन, वॉटर प्युरिफायरचा पॉइंट बसवलेला नाही. अपुरं काम, परिशिष्टातील किचन विभाग. फोटो 19.

खोलीचं अक्षर, क्रमांक, नेमकी जागा, काय दिसतं, दोष की अपुरं काम, आणि फोटो. पुढे दुरुस्तीची तारीख आणि दोघांच्या सह्यांसाठी रकाना मोकळा ठेवा. दुरुस्ती झालेली नोंद स्वतः बघितल्याशिवाय त्या रकान्यात सही करू नका.

ताबापत्रावर सही

अनेक ताबापत्रांत ‘फ्लॅटची पाहणी केली, काम समाधानकारक, कोणतीही तक्रार नाही’ असं वाक्य आधीच छापलेलं असतं. ते खोडायला नकार मिळाला तर सहीच्या वर हाताने लिहा: ‘सोबत जोडलेल्या, अमुक तारखेच्या यादीतील दोष आणि अपुऱ्या कामांच्या अधीन राहून ताबा घेतला.’ यादीच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घ्या. काउंटरवर पोच देत नसतील तर करारनाम्यातल्या पत्त्यावर रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने आणि त्यातच दिलेल्या ईमेलवर पाठवा. साइट इंजिनिअरला केलेला व्हॉट्सअॅप मेसेज सोबत असू द्या, पण त्याच्यावर एकट्यावर भिस्त नको.

यादी दिली म्हणून पाच वर्षांचा हक्क तेवढ्या नोंदींपुरता मर्यादित होत नाही. पहिल्या पावसानंतर दुसरी यादी, त्याच पद्धतीने, ‘यादी क्रमांक 2’ म्हणून द्यावी. मधल्या काळात इंटीरियरवाल्याला बाथरूमच्या टाइल्स किंवा पाइप फोडू देण्याआधी करारनामा वाचा: लेखी परवानगीशिवाय फोडाफोडी केली तर दोषाची जबाबदारी आमची नाही, असं कलम बऱ्याच करारनाम्यांत असतं.

30 दिवसांत काम झालं नाही तर

यादी, पोच, फोटो आणि करारनामा जोडून एक शेवटचं स्मरणपत्र पाठवा, मग महारेराच्या संकेतस्थळावर, maharera.maharashtra.gov.in वर, ऑनलाइन तक्रार करता येते. इथे वाट दोन फाट्यांना जाते. दुरुस्ती करून द्यावी असा आदेश हवा असेल तर तक्रार प्राधिकरणाकडे, नमुना ‘अ’ मध्ये. कलम 14 खाली नुकसानभरपाई हवी असेल तर अर्ज न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, नमुना ‘ब’ मध्ये. महाराष्ट्राच्या नियमांत दोन्हींचं शुल्क प्रत्येकी 5000 रुपये आहे. दोन्हीकडे यादीतले क्रमांक जसेच्या तसे वापरा, म्हणजे ‘बा-1/3’ म्हटल्यावर फोटो, पोच आणि स्मरणपत्र तिन्हीत तोच दोष सापडतो.