पेपरची आदली रात्र आणि तळपायांची उष्णता

विदर्भातील खेड्यांमध्ये उन्हाळी परीक्षांच्या दिवसांत एक सल्ला घरोघरी ऐकू येतो: रात्री बारापर्यंत वाचावे आणि ब्राह्ममुहूर्त साधण्यासाठी पहाटे तीनलाच उठावे, म्हणजे वाचलेले विसरत नाही. शरीरक्रियाशास्त्राचा पेपर देणाऱ्या विद्यार्थ्याने तरी हा सल्ला तपासून घ्यायला हवा. पूर्वरात्री गाढ झोपेचे प्रमाण अधिक असते आणि उत्तररात्री स्वप्नांच्या झोपेचे; दिवसा वाचलेले पक्के करण्यात दोन्हींचा वाटा असतो. तीन तासांत उठणाऱ्याचा उत्तररात्रीचा वाटा जवळजवळ पूर्ण बुडतो. नऊला झोपून चारला उठणाऱ्याला पहाट लाभते, ती झोप पुरेशी झालेली असते म्हणून. त्या मुहूर्तात वेगळी शक्ती नसते. परीक्षेच्या तोंडावर औषध दुकानांत मांडल्या जाणाऱ्या स्मरणशक्तीच्या बाटल्याही ही उणीव भरून काढू शकत नाहीत.

मात्र ‘लवकर झोपा’ असे सांगणे सोपे असले, तरी मे महिन्यात झोप लागणे सोपे नसते, आणि त्याचे कारण मोठे सुंदर आहे. झोप लागण्यासाठी शरीराच्या आतील तापमान थोडे उतरावे लागते. त्यासाठी संध्याकाळनंतर मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या नियंत्रणाखाली तळहात आणि तळपाय यांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले गरम रक्त त्वचेकडे येते आणि उष्णता हवेत जाते. म्हणूनच हातपाय कोमट होऊ लागले की झोप जवळ आल्याचे ओळखावे. परीक्षेच्या भीतीने नेमके उलट घडते. अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित होते, त्याच रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात आणि उष्णता आतच कोंडली जाते.

त्यात उन्हाळ्याची भर पडते. त्वचेचे तापमान साधारण 33 ते 35 अंश सेल्सिअस असते आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत रात्रीही हवा त्याच्या जवळपास राहिली, तर वाहिन्या रुंदावूनही उष्णता जायला वाट नसते. मग एकच मार्ग उरतो, तो बाष्पीभवनाचा. त्वचेवरील 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 0.58 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. झोपलेले शरीर तासाला अंदाजे 60 किलोकॅलरी उष्णता निर्माण करते, म्हणजे ती सगळी केवळ या मार्गाने घालवायची झाल्यास तासाला 100 ग्रॅमच्या आसपास पाणी उडावे लागेल. विदर्भाची कोरडी हवा येथे उपकारक ठरते. कूलर चालतो तो याच तत्त्वावर, पण खोली बंद ठेवल्यास हवा दमट होऊन त्याचा उपयोग उरत नाही. समोरची खिडकी उघडी हवी. वीज गेली, तर हातपाय ओल्या फडक्याने पुसून अंगणातल्या बाजेवर झोपावे. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ केल्यास त्वचेच्या वाहिन्या उघडतात. बर्फासारखे गार पाणी त्या आकसवते.

आता एक रात्र आखून पाहू. पेपर सकाळी दहाला आहे आणि तालुक्याला जाणारी एसटी साडेसातला सुटते, असे धरू. साडेपाचला उठायचे, तर दहाला पाठ टेकली पाहिजे. चहा दुपारीच थांबवावा, कारण पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही रक्तात असू शकते. संध्याकाळी सहा ते आठ उजळणी करावी, पण नवे प्रकरण उघडू नये. कोऱ्या कागदावर हृदयचक्राचा आलेख, नेफ्रॉन, ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिनचा वक्र आठवून काढावेत, नावे द्यावीत आणि मगच पुस्तकाशी ताडून पाहावेत. नुसते पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे वाटते. काय येत नाही, ते कोऱ्या कागदावरच कळते. साडेआठला आंघोळ, त्यानंतर फक्त पिशवी आणि प्रवेशपत्र.

परीक्षा केंद्रावर 100 गुणांसाठी 3 तास असल्यास प्रश्नपत्रिका वाचायला 10 आणि शेवटी तपासायला 10 मिनिटे राखून 160 मिनिटे उरतात. एका गुणाला दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ येतो: दहा गुणांच्या प्रश्नाला 16 मिनिटे, पाच गुणांच्या प्रश्नाला 8. पाठ असलेल्या पहिल्याच दीर्घ प्रश्नावर 30 मिनिटे घालवणारा विद्यार्थी पाच गुणांच्या जवळजवळ दोन प्रश्नांचा वेळ गमावतो, आणि बदल्यात त्याला फार तर एखादा गुण अधिक मिळतो. उत्तराचे सुरुवातीचे गुण व्याख्येला, नामनिर्देशित आकृतीला आणि यंत्रणेच्या टप्प्यांना सहज पडतात. शेवटचे एक-दोन गुणच महाग असतात. त्यामुळे 16 मिनिटे संपली की दोन-तीन ओळींची जागा सोडून पुढच्या प्रश्नाकडे वळावे आणि राहिलेले शेवटच्या 10 मिनिटांत भरावे.