सोनकीची रिंग : तीन टाक्यांचे भरतकाम-पत्रक

नवशिक्यांसाठी तयार केलेले, एका पानावर मावणारे भरतकामाचे सूचनापत्रक. त्यात पाच इंची गोल रिंगेत बसणारी फुलांची छोटी नक्षी खऱ्या मापात काढलेली असते आणि ती देठ टाका, लेझी डेझी व गाठीचा टाका या तीनच टाक्यांत पूर्ण होते. नाशिककरांसाठी अशा पत्रकाला सोनकी हे फूल फार सोयीचे. पाऊस ओसरू लागला की त्र्यंबकेश्वरकडच्या डोंगरउतारांवर ते पिवळेजर्द पसरलेले असते, आणि त्याच्या सुट्या पाकळ्या व मधला गच्च ठिपका नेमका लेझी डेझी आणि गाठीच्या टाक्याला मानवतो. गुलाबाचा मोह नवशिक्याने टाळावा. एकमेकींवर चढणाऱ्या पाकळ्या या तीन टाक्यांत नीट येत नाहीत.

कापड पांढरे मांजरपाट किंवा जाडसर सुती, 20 बाय 20 सेंमी. मांजरपाटाला खळ असते आणि ते आटते, म्हणून आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतात. हे टाळले तर काम झाल्यावर धुताना कापड आटते, दोरा आटत नाही, आणि प्रत्येक फुलाभोवती चुण्या पडतात. दोरा सहा पदरी सुती; हिरवा, पिवळा आणि गडद नारिंगी अशी एकेक लडी. नेहमीच्या लडीत 8 मीटर दोरा असतो, म्हणजे एवढ्या कामाला तो भरपूर होतो. सुई 7 नंबरची, काशिद्याची. सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते, हे पत्रकावर लिहिलेले बरे, कारण दुकानात उलटाच अंदाज बांधला जातो. हे सगळे मेन रोडच्या बाजारात एका फेरीत मिळते.

नक्षी 9 सेंमी व्यासाच्या वर्तुळात बसवतात, म्हणजे रिंगेच्या कडेपर्यंत चहूबाजूंनी मोकळी जागा राहते. तळाशी एका बिंदूतून तीन देठ निघतात : मधला सरळ, 5 सेंमीचा, दोन्ही बाजूंचे किंचित वळलेले, 4 सेंमीचे. प्रत्येक फूल 3 सेंमी रुंद. त्याचा मधला ठिपका 8 मिमी आणि भोवती आठ पाकळ्या, प्रत्येकी 11 मिमी लांब. पत्रक खिडकीच्या काचेला चिकटवून त्यावर कापड धरले की टोकदार पेन्सिलीने हलक्या हाताने गिरवता येते. ऑफिसचा कार्बन वापरू नये, तो हाताला आणि दोऱ्याला लागतो. पाण्याने जाणारे निळे पेन चालते, पण त्याच्या रेघांवर इस्त्री फिरली तर निळा रंग कापडात पक्का बसण्याची भीती असते.

रिंग आवळताना कापड उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेनेच ओढतात. कोपऱ्याकडून तिरके ओढले तर ते तेव्हा ताठ दिसते, पण रिंग काढताच गोल फूल लांबट होते. बोटाने टिचकी मारल्यावर डफासारखा आवाज आला की ताण पुरेसा. दोरा एका वेळी 45 सेंमीच कापावा आणि सहापैकी तीन पदर घ्यावेत, तेही एकेक करून ओढून काढावेत व मग जुळवावेत. तिन्ही एकदम ओढले की उरलेल्या दोऱ्याचा गुंता ठरलेला.

सुरुवात देठांपासून. देठ टाका डावीकडून उजवीकडे जातो : सुई 4 मिमी पुढे खाली घालायची आणि 2 मिमी मागे, आधीच्या टाक्याच्या टोकाला लागून, वर काढायची. असा प्रत्येक टाका आधीच्यावर निम्मा चढतो आणि पीळ दिलेल्या दोरीसारखी रेघ तयार होते. सगळी मेख दोरा कुठल्या बाजूला राहतो यात आहे. तो सुईच्या खाली ठेवला असेल तर शेवटपर्यंत खालीच. मध्येच एक टाका वर गेला की पीळ उलटतो आणि देठ तिथे मोडल्यासारखा दिसतो. दोष दिसला की त्या टाक्यापर्यंत उसवावे, पुढे जाऊन तो झाकत नाही. वळणावर टाके 3 मिमीपर्यंत आखूड करतात, नाहीतर वळणाला कोपरे येतात. या टाक्याला रेघेच्या सुमारे तिप्पट दोरा लागतो, म्हणून तीन देठांच्या 13 सेंमीला एक तुकडा जेमतेम पुरतो. दुसरा तयार ठेवावा. त्यातूनच देठांना दोन-तीन पाने काढता येतात, प्रत्येक पान म्हणजे एक लेझी डेझी.

पाकळ्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी घड्याळातल्या 12, 3, 6 आणि 9 च्या जागी चार, मग त्यांच्या मधल्या चार. एका बाजूने ओळीने भरत गेले तर शेवटच्या पाकळीला एकतर जागा उरत नाही किंवा भगदाड राहते. सुई ठिपक्याच्या कडेला वर काढून, तिथेच एखाद्या धाग्याच्या अंतरावर परत खाली घालतात, पण दोरा पूर्ण ओढत नाहीत. सुईचे टोक पाकळीच्या शेंड्याला वर काढून फास त्याखाली घेतात आणि दोरा शेंड्याच्या दिशेने, कापडाला लगटून ओढतात. वरच्या दिशेने हिसका दिला की पाकळी मिटून काडी होते. फास टेकला की त्याच्या बाहेर, 1 मिमीवर, छोटा टाका घालून तो अडकवतात. हा टाका फासाच्या आतच उतरला तर पाकळी सुटून मागे निघून जाते.

गाठी सगळ्यात शेवटी. त्या पाकळ्यांच्या मुळाशी पडलेली छिद्रे झाकतात, आणि आधी घातल्या तर पाकळ्या भरताना हाताखाली दबतात. प्रत्येक ठिपक्यात सात गाठी : एक मधोमध, सहा भोवती. दोरा सुईवर दोनदा गुंडाळायचा आणि सुई वर आलेल्या छिद्रातच नव्हे, तर एक-दोन धागे सोडून खाली घालायची. त्याच छिद्रात घातली तर गाठ कापडामागे निसटते, आणि नवशिक्यांची सर्वाधिक तक्रार हीच. सुई पूर्ण उतरेपर्यंत दुसऱ्या हाताने दोरा ताठ धरतात. सैल सोडला तर गाठीऐवजी वरती कडी उभी राहते. फार आवळून गुंडाळला तर सुईच अडते. कोपऱ्यातल्या फालतू कापडावर आधी चार-पाच गाठी घालून पाहाव्यात. एका फुलाच्या गाठी संपल्या की दोरा मागे अडकवून तोडावा. तसाच पुढच्या फुलाकडे नेला तर पांढऱ्या कापडातून नारिंगी रेघ दिसते.

काम बंद ठेवताना रिंग सोडून ठेवतात. आवळलेल्या कडेशी धूळ आणि हाताचा मळ बसून गोल वण उरतो. भरून झाल्यावर कापड थंड पाण्यात हलवून पेनाच्या खुणा घालवतात आणि मगच इस्त्री करतात, तीही टॉवेलवर उपडे घालून, म्हणजे गाठी चपट्या होत नाहीत. रिंगेतच टांगायचे असेल तर बाहेर 3 सेंमी कापड राखून गोल कापतात, कडेने दुहेरी दोऱ्याचा धावदोरा घालून मागे चुणतात आणि गाठ मारतात. धावदोरा हा चौथा टाका झाला खरा, पण तो पुढून दिसत नसल्याने मोजत नाहीत.