मानेत उगम, बरगड्यांखाली काम: फ्रेनिक नसेची पार्श्वभूमी

श्वासपटल असते छाती आणि पोटाच्या सीमेवर, पण त्याला हलवणारी नस निघते थेट मानेतून. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंचे धागे एकत्र येऊन दोन्ही बाजूंना एकेक फ्रेनिक नस तयार होते. मुख्य वाटा चौथ्याचा. पुढे ती मानेतल्या स्केलीन स्नायूच्या अंगावरून उतरते, छातीत शिरते आणि हृदयाच्या कडेकडेने श्वासपटलापर्यंत पोहोचते.

एवढ्या लांबच्या वाटेचे कारण गर्भावस्थेत आहे. चौथ्या आठवड्यात श्वासपटलाचा पाया मानेच्या पातळीवरच असतो आणि तिथेच त्याला नस मिळते. पुढच्या काही आठवड्यांत तो खाली सरकतो आणि नस त्याच्यामागे ओढली जाते. या स्थलांतराची खूण मोठेपणीही राहते. पोटात रक्तस्राव होऊन श्वासपटल चाळवले गेले की खांद्याच्या टोकाशी दुखते, कारण तिथल्या त्वचेची संवेदनाही मानेच्या त्याच मज्जातंतूंकडे जाते. खांदा चांगला असतो, दुखणे खालचे असते.

कुठल्या पातळीवर इजा झाली की काय होते, याचा शोध दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेनने घेतला. त्याने जिवंत प्राण्यांच्या मज्जारज्जूला वेगवेगळ्या उंचीवर छेद दिले. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण निरीक्षण चोख होते: मानेत वर छेद दिला की श्वास थांबे, मानेच्या तळाशी दिला की बरगड्या निपचित पडत, श्वासपटल मात्र चालू राही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या लेगालवाने श्वासाची आज्ञा मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत उगम पावते हे दाखवले आणि चित्र पूर्ण झाले. आज्ञा लंबमज्जेतून निघते, मज्जारज्जूत मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरच्या चेतापेशी ती घेतात आणि नसेवाटे पुढे पाठवतात.

नसेबद्दलचा एक धडा क्षयरोगाच्या शस्त्रक्रियेने दिला. १९११ नंतरच्या काळात रोगट फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून शल्यचिकित्सक मानेत एका बाजूची फ्रेनिक नस मुद्दाम कापत. दुसरी बाजू शाबूत असल्याने रोगी ते सोसत. पण काहींचे श्वासपटल कापल्यावरही हलत राहिले. पाचव्या मज्जातंतूचा एखादा धागा वेगळ्या वाटेने छातीत उतरून मग मुख्य नसेला मिळत होता. म्हणून पुढे नस नुसती न कापता लांबवर ओढून काढण्याची पद्धत आली.

मज्जारज्जूची इजा यापेक्षा गंभीर, कारण ती बहुधा दोन्ही बाजूंना होते. पाचव्या पातळीच्या खाली पूर्ण इजा असेल तर श्वासपटल चालते, पण बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू लुळे पडतात. श्वास घेताना पोट फुगते, छाती आत जाते आणि खोकल्यात जोर राहत नाही. अशा रोग्याला बसण्यापेक्षा आडवे असताना श्वास सोपा जातो, कारण आडवे झाल्यावर आतडी श्वासपटलाला वर ढकलतात आणि त्याला आकुंचनासाठी जागा मिळते. दोन्ही फ्रेनिक नसा निकामी असतील तर नेमके उलटे: आडवे होताच दम लागतो आणि श्वास घेताना पोट आत जाते. खाटेशेजारी उभे राहून ओळखता येण्यासारखा हा फरक आहे.

पाचव्या पातळीच्या आसपासच्या इजेत पहिले काही दिवस फसवे असतात. मज्जारज्जूची सूज वर चढते आणि काल स्वतः श्वास घेणारा माणूस आज दमतो. ऑक्सिजनचा आकडा उशिरा घसरतो, म्हणून एका दमात किती हवा बाहेर टाकता येते ते वारंवार मोजतात. साधारण किलोमागे १५ मिलीलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसात ९०० मिलीलिटरच्या खाली आकडा गेला की व्हेंटिलेटरची तयारी ठेवतात.

तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरच इजा असेल तर फ्रेनिक नसेला आज्ञा देणाऱ्या चेतापेशीच मरतात. त्याहून वर असेल तर पेशी आणि नस जिवंत राहतात, फक्त आज्ञा येत नाही. अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह मे १९९५ मध्ये घोड्यावरून पडला तेव्हा इजा मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी होती. व्हेंटिलेटरवाचून त्याला श्वास घेता येईना. पण नसा शाबूत होत्या, म्हणून २००३ मध्ये श्वासपटलात विद्युत्‌तारा बसवून यंत्राच्या ठोक्यांनी ते हलवणे शक्य झाले आणि तो काही काळ व्हेंटिलेटरशिवाय राहू लागला. हाच घाव दोन मणके खाली झाला असता, तर त्या पेशी गेल्या असत्या, नसेचे धागे आठवड्यांतच झिजले असते आणि तारांतून कितीही प्रवाह सोडला तरी श्वासपटल हलले नसते.